प्रतिसाद: वरचे २२,००० कुठून आले?

> समीकरणं सोडवली तर मेंटेनन्स १,००,००० आणि कँटीन ६०,००० येतात. मूळ खर्च ८८,००० आणि ५०,००० होता. वरचे २२,००० कुठून आले?

उत्तर बरोबर आहे. मेंटेनन्स आणि कँटीन हे दोन सेवा विभाग; त्यांचा खर्च शेवटी उत्पादन विभागांवर वाटायचा असतो, पण ते एकमेकांनाही सेवा देतात. कँटीनच्या खर्चाचे २०% मेंटेनन्सकडे आणि मेंटेनन्सच्या खर्चाचे १०% कँटीनकडे जातात, म्हणून:

म = ८८,००० + ०.२० क
क = ५०,००० + ०.१० म

या १२,००० आणि १०,००० रुपयांच्या आपसातल्या उधाऱ्या आहेत, नवा खर्च नाही. उत्पादन विभागांकडे मेंटेनन्सचे फक्त ९०% आणि कँटीनचे ८०% जातात: ९०,००० + ४८,००० = १,३८,०००. मूळ बेरीजही तेवढीच.

गडबड पुढे होते. रबाळ्याला आमच्या एका युनिटच्या एक्सेल शीटमध्ये मशीन शॉप आणि असेंब्ली या उत्पादन विभागांत मेंटेनन्स वाटायचं ६०:३० हे प्रमाण ‘शंभर टक्के व्हायला हवेत’ म्हणून कुणीतरी ६७:३३ केलं होतं, कँटीनचंही तसंच. पूर्ण १,६०,००० उत्पादनावर बसले. वाटपानंतरची बेरीज मूळ बेरजेशी जुळवली असती तर लगेच कळलं असतं.

तुमच्या आकड्यांत मशीन शॉपला मेंटेनन्सचे ६०% आणि कँटीनचे ४०% धरले, तर ८४,००० येतात. आपसातली सेवा सोडून थेट वाटलं तर ८३,६६७. एवढ्याशा फरकासाठी कारखान्यात मी समीकरणं मांडणार नाही. परीक्षेत मात्र मांडावीच लागतील.