इंटिमेट वॉश: बाटलीवरचा पीएच आणि साधे पाणी

तेजस्विनी, विजापूर रोड: इंटिमेट वॉशच्या बाटलीवर ‘पीएच संतुलित’ आणि ‘स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलेले’ असे लिहिलेले असते, त्याचा नेमका अर्थ काय? रोजच्या स्वच्छतेला साधे पाणी पुरत नाही का?

गायत्री: पुरत नाही, असे माझे मत आहे. पीएच म्हणजे आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त. योनीचा पीएच 3.8 ते 4.5 असतो, अंगाच्या साबणाचा 9 ते 10 आणि पाण्याचा सुमारे 7. म्हणजे पाणीही जुळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभर घाम येत असताना आम्लधर्मी वॉशच योग्य ठरतो.

मीनाक्षी (फार्मासिस्ट): गायत्रीताई, साबणाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण तो आकडा योनीच्या आतला आहे आणि तिथले आम्ल लॅक्टोबॅसिलस जिवाणू स्वतः तयार करतात. वॉश बाहेरच्या त्वचेवर लावून लगेच धुवायचा असतो, त्यामुळे तो आतला पीएच राखत नाही, आणि आत पाणी किंवा वॉश मारून धुतल्यास ते जिवाणूच कमी होतात. ‘तपासलेले’ या शब्दावरून किती स्त्रियांवर, किती दिवस आणि कशासाठी तपासले हे कळत नाही. त्वचेला जळजळ होत नाही एवढेच पाहिलेले असले तरी तो छापता येतो.

आमच्या दुकानात गणवेश शिवण्याच्या कारखान्यातील एक ताई आल्या होत्या. खाज होती, दह्याच्या गुठळ्यांसारखे पांढरे जात होते, आणि त्या दिवसातून दोनदा सुगंधी वॉश वापरत होत्या. ही लक्षणे बुरशीच्या संसर्गाची असू शकतात, आणि त्यात योनीचा पीएच बहुधा नेहमीसारखाच राहतो, म्हणून आम्लाने तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नसते. मी दुसरी बाटली न देता त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. तपासणीत बुरशीच निघाली आणि क्लोट्रिमॅझोलने आराम पडला. मासळीसारखा वास आणि पातळ, करडा स्राव असेल तर मात्र पीएच 4.5 च्या वर गेलेला असतो, पण त्यावरही उपचार औषधाचाच आहे, कारण बाहेरून धुतलेले आत पोहोचत नाही.

सुनंदा: माझी पाळी जाऊन बरीच वर्षे झाली. कोरडेपणा आणि आग होते, म्हणून मी वॉश सुरू केला, तर आग वाढली. मग मी कोणता घ्यावा?

मीनाक्षी: काकू, कोणताच घेऊ नका. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर त्वचा पातळ होते आणि पीएचही वाढतो. त्यावर डॉक्टर तपासून लावायचे मलम देतात. पाळी गेल्यावर रक्त दिसले तर अजिबात थांबू नका.

गायत्री: आतल्या स्वच्छतेबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेते. परंतु ज्या बायका साबण सोडणारच नाहीत, त्यांना बाहेरच्या त्वचेपुरता बिनवासाचा सौम्य वॉश साबणापेक्षा बरा, हे मला अजूनही वाटते.

मीनाक्षी: साबणापेक्षा बरा, हे मान्य आहे. पाण्यापेक्षा बरा, हे मला पटलेले नाही.