पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात का चालत नाही?

सातपूरकर: 'आरोपीने गुन्हा कबूल केला' असं पेपरात येतं आणि पुढे तोच माणूस सुटतो. स्वतःच्या तोंडाने पोलिसांना सांगितलेलं कोर्ट का मानत नाही? मला तर ही गुन्हेगाराला दिलेली सूट वाटते.

वकीलकाका, इंदिरानगर: कोठडीत माणूस कशामुळे बोलला हे नंतर कुणालाच तपासता येत नाही, म्हणून. मारल्याचा वळ डॉक्टरला दिसेल, पण 'तुझ्या बायकोलाही उचलून आणू' ही धमकी कुठे दिसणार? 1872च्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम 23 आहे. गाभा तोच. कबुली द्यायचीच असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे. ते आधी बजावतात, की बोलायची सक्ती नाही आणि बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल.

देवळालीची मावशी: म्हणजे पोलिसांना सांगितलेलं सगळंच रद्दी. माझा भाचा पोलिसात आहे, तोही हेच म्हणतो.

वकीलकाका, इंदिरानगर: सगळं नाही, मावशी. समजा कोठडीतला आरोपी म्हणाला, 'मी त्याला कोयत्याने मारलं. कोयता नासर्डीच्या पुलाखाली पुरलाय, चला, काढून देतो.' पोलीस पंचांना घेऊन जातात आणि कोयता निघतो. आता 'पुरलाय, काढून देतो' एवढंच कोर्टात येतं. 'मी मारलं' गळतं, कारण कोयता निघाल्याने कोयत्याची जागा त्याला ठाऊक होती एवढंच कळतं, मारलं कुणी ते कळत नाही. ब्रिटिश काळात आपलं शेवटचं अपील ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1946 मध्ये पुलुकुरी कोट्टय्याच्या खटल्यात ही रेघ आखली, ती आजही टिकून आहे. कोयत्यावरचं रक्त मयताचंच आहे, हे प्रयोगशाळेला वेगळं सांगावं लागतं.

गंगापूर रोडवरचा दुकानदार: अशाच एका केसमध्ये मी पंच होतो. ठाण्यात आरोपीच्या निवेदनाचा आणि वस्तू निघाल्याचा, दोन्ही पंचनामे आधीच टाइप करून ठेवलेले. आरोपी काय बोलला ते मी ऐकलंच नाही. जागेवर पोहोचलो तर तिथे एक हवालदार आधीपासून उभा! कोर्टात हे खरं सांगितलं, तर मलाच फितूर ठरवलं. फार मनाला लागलं.

वकीलकाका, इंदिरानगर: तुम्ही बरोबर केलंत. पोलिसांना जागा आधीच माहीत असेल, तर आरोपीच्या सांगण्यावरून शोध लागला असं म्हणताच येत नाही. उलटतपासणीत मी पहिल्यांदा हेच विचारतो, की निवेदन किती वाजता लिहिलं आणि ठाण्यातून गाडी किती वाजता निघाली.

सातपूरकर: मग संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्यात कसं चालतं? तिथे एसपी किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा धरतात ना? तो पण पोलीसच. आणि आता तर व्हिडिओही काढता येतो.

वकीलकाका, इंदिरानगर: धरतात, आणि मला ते पटत नाही. हुद्दा वाढला म्हणून कोठडी बदलत नाही. व्हिडिओत कॅमेरा सुरू झाल्यानंतरचं दिसतं, आदल्या रात्रीचं नाही.

सातपूरकर: मग अटकेपासूनच कॅमेरा चालू ठेवा! पण ज्याचा मुलगा गेला त्या बापाला 'मी मारलं' एवढंच गाळलं हे कसं समजावणार? मला अजून पटलेलं नाही.