बालसखीचा 0.28 ‘छोटा’ आणि आमच्या कार्डांचा 1.2 ‘मोठा’?

सातपूरचे_हेडसर:
केंद्राच्या शिक्षण परिषदेसाठी दोन गोष्टी वाचल्या. मुंबई-बडोद्यात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला वस्तीतली बाई नेमली, त्या बालसखी प्रयोगाचा इफेक्ट साईझ, म्हणजे परिणाम किती मोठा ते सांगणारा आकडा, दोन वर्षांनी 0.28, म्हणजे छोटा. आमच्याच शाळेतल्या एका मॅडमनी एम.एड.साठी चित्रकार्डांचा प्रयोग केला, त्याचा 1.2, म्हणजे मोठ्याच्याही वर. हिशोब सरळ आहे, बाई नेमण्यापेक्षा कार्डं छापा. यात एवढं चर्चा करण्यासारखं काय आहे?

आकडेमोड_गंगापूररोड:
हेडसर, आहे. राहवत नाही म्हणून लिहितो, लांबेल. हा आकडा म्हणजे एक भागाकार. वर गुणांतला फरक, खाली प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा. तुम्ही दोन्हीकडे नुसतं उत्तर वाचलंत. खाली कोणाचं विचलन घातलंय ते बघा, मग लहान-मोठं बोलू. मॅडमच्या प्रबंधात मुलांचे गुण किती वाढले आणि कशाने भागले, तेवढं टाका.

चित्रकार्डवाली:
ती मॅडम मीच. माझ्या पाठीमागे चर्चा चाललीय म्हणून आले. तिसरीची 30 मुलं, 25 गुणांची चाचणी. आधी सरासरी 11, तीन महिन्यांनी 14. मुलामुलांतलं विचलन दोन्ही वेळा 5. एसपीएसएस सॉफ्टवेअरने 1.2 दिलं, मी घरी बसून लिहिलेलं नाही.

आकडेमोड_गंगापूररोड:
मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण 3 भागिले 5 म्हणजे 0.6. मग 1.2 आलं कुठून? त्याच तक्त्यात `Standardizer` नावाचा रकाना आहे, तिथे 2.5 असणार. ते मुलांच्या गुणांचं विचलन नाही, प्रत्येक मुलाच्या वाढीचं विचलन आहे. आधी पुढे असलेलं मूल नंतरही पुढेच असतं आणि बहुतेक सगळी तीनेक गुणांनी वर सरकतात, त्यामुळे वाढीतला पसारा कमी. पसारा निम्मा, म्हणून आकडा दुप्पट. त्याच मुलांचे आधीचे-नंतरचे गुण ताडणाऱ्या जोडीच्या टी-चाचणीत एसपीएसएस मुळातच हा भाजक धरतं, बदलायचा तर पर्यायांत जाऊन बदलावा लागतो. मुलं तीच, गुण तेच, आणि एका भाजकाने ‘मध्यम’चं ‘मोठं’ झालं.

बालसखीचा 0.28 मुलांच्या गुणांच्या पसाऱ्याने भागलेला आहे. तेव्हा तुलना करायचीच तर 0.6 शी करा. तीही टिकत नाही, कारण तुमच्याकडे कार्डं न मिळालेला वर्ग नाही. तीन महिन्यांत मुलं कार्डांशिवायही काहीतरी शिकलीच असतील. समजा त्यातला एक गुण तसा वाढला असता, तर उरले दोन, म्हणजे 0.4.

चित्रकार्डवाली:
समजा, समजा! नियंत्रित गट कुठून आणू? आमच्याकडे तिसरीची तुकडीच एक आहे. मी हेच मार्गदर्शकांना विचारलं होतं. ते म्हणाले, सार्थकता आली ना, मग इफेक्ट साईझचा तक्ता चिकटवा आणि खाली ‘मोठा परिणाम’ लिहा, परीक्षकांना आवडतं. व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी समासातली जागा मोजली. सेंटिमीटरमध्ये. खाली काय भागलंय हे कोणीही विचारलं नाही.

पंचवटी_मुग्धा:
समासाचं माझ्याही नशिबी आलं होतं! शिवाय संदर्भसूचीत स्वल्पविराम चुकला म्हणून पूर्ण बांधणी उसवून पुन्हा करायला लावली, ऐन उन्हाळ्यात, स्वखर्चाने. प्रबंध वाचत कोणीच नाही, वजन करतात.

नाशिकरोड_डीएड:
सरसकट शिव्या घालू नका. मीही चार विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. विद्यार्थी आदल्या आठवड्यात विदा आणून देतात आणि खापर आमच्यावर.

पंचवटी_मुग्धा:
सर, तुम्हाला कोणी काही म्हटलं का? टोपी बसली वाटतं.

नाशिकरोड_डीएड:
टोपी राहू द्या, विषयावर बोलतो. छोटा, मध्यम, मोठा ही लेबलं ज्यावरून लावतात ते संख्याशास्त्रवाल्या कोहेनचे 0.2, 0.5, 0.8 शिक्षणासाठी नव्हतेच. दुसरं काही हाताशी नसेल तर वापरा, असं त्यानेच बजावलं होतं. म्हणून मी शिक्षणसंशोधक हॅटीची 0.40 ची रेघ धरतो. त्याखालचं सोडून द्यायचं.

आकडेमोड_गंगापूररोड:
कोहेनबद्दल बरोबर. पण 0.40 ची रेघ कशी आली? आधी-नंतरवाले अभ्यास आणि नियंत्रित गटाचे अभ्यास एकाच पातेल्यात घालून काढलेली सरासरी आहे ती. मॅडमच्या प्रबंधासारखे भाजक त्यात मिसळलेत. शिवाय इयत्ता बघणार की नाही? अमेरिकेतल्या प्रमाणित वाचन चाचण्यांवर पहिली ते दुसरी मूल वर्षभरात 0.97 ने वाढतं, अकरावी ते बारावी 0.06 ने. अकरावीत कोणी 0.2 मिळवून दाखवलं तर तुमची रेघ त्याला नापास करणार आणि तिकडे तेवढं वाढायला तीनेक वर्षं लागतात.

नाशिकरोड_डीएड:
बरं, तुमचंच खरं. आता परिषदेत रेघेऐवजी तुमचा फोन नंबर देतो.

पिंपळगावचा_बागायतदार:
मंडळी, शिक्षणातलं कळत नाही, पण मोठा परिणाम म्हणजे काय ते सांगतो. द्राक्षाला जीए हे वाढीचं औषध दिल्यावर मणी 16 एमएमवरून 18 वर गेला की माल वेगळ्या भावात जातो. व्यापारी मणी मोजतो, विचलन विचारत नाही. तुम्ही सरळ गुणच का सांगत नाही?

आकडेमोड_गंगापूररोड:
भाऊ, जिथे माप सगळ्यांचं एक आहे तिथे तेच करावं. तुमच्याच बागेत बघा. विरळणी नीट झालेल्या घडात मण्यांचा पसारा 1 एमएम असेल तर ते 2 एमएम म्हणजे 2.0. विरळणी फसलेल्या घडात पसारा 2.5 असेल तर तेच 0.8. औषध तेच, वाढ तेवढीच. निवडक मुलांच्या तुकडीत केलेले प्रयोग असेच फुगतात. शाळांत अडचण अशी की प्रत्येकाची चाचणी निराळी, म्हणून भागाकार करावा लागतो.

चाचणीचं राहिलंच. मॅडम, 25 गुणांतले शब्द कार्डांवरचेच होते ना?

चित्रकार्डवाली:
अर्थात! जे शिकवलं तेच विचारणार. बाहेरची प्रश्नपत्रिका दिली होती एकदा. अर्ध्या वर्गाला शून्य. ज्याला ‘क’ ओळखता येत नव्हता तो आता दोन अक्षरी शब्द वाचतो, पण उताऱ्यावर त्याला आधीही शून्य, नंतरही शून्य. ती चाचणी माझी वाढ दाखवणारच नाही. हे तुमच्या भागाकारात कुठे बसतं?

आकडेमोड_गंगापूररोड:
नाही बसत. हा मुद्दा तुमचा पक्का, आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. फक्त एवढंच की संशोधकाने स्वतः बनवलेल्या चाचण्यांवरचे आकडे स्वतंत्र चाचण्यांवरच्या आकड्यांच्या साधारण दुप्पट निघतात, हे अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलंय. त्यात खरं शिकणं किती आणि चाचणीची जवळीक किती, ते एका वर्गावरून कळत नाही.

आणि हेडसर, तुमचा ‘छोटा’ 0.28 पण उलगडा. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठीने ठरलं होतं. वस्तीतलीच तरुण मुलगी, मागे पडलेली 15-20 मुलं दिवसातले दोन तास वेगळी घेऊन बसायची. पण 0.28 हा पूर्ण वर्गाचा आकडा आहे, तिच्याकडे न गेलेली मुलंही त्यात आहेत. बहुतेक फायदा तळातल्या मुलांना झाला. सरासरीत तो पातळ झाला, लेबलाने आणखी लपला.

सातपूरचे_हेडसर:
वर्षभराने तो फायदा 0.10 वर आला, हेही त्याच निबंधात आहे. ते सोयीस्कर विसरलात.

आकडेमोड_गंगापूररोड:
विसरलो नाही, तुम्ही काढाल म्हणून थांबलो होतो. खरं आहे. मॅडमच्या कार्डांचं वर्षभराने काय झालं, ते कोणी मोजलंय का?

चित्रकार्डवाली:
मुलं चौथीत आहेत, माझ्याच शाळेत. प्रश्नपत्रिकाही कपाटात आहे. हेडसरांनी एक तास दिला तर सोमवारी घेते. भाजक तुम्ही सांगा.

आकडेमोड_गंगापूररोड:
पहिल्या चाचणीचा 5. आणि मधे गळालेल्या मुलांची नावं वेगळी लिहून ठेवा.

सातपूरचे_हेडसर:
सोमवारी आधार पडताळणी आहे. मंगळवारी बघू.