परदेशातल्या मुलांचे ऑनलाइन मराठी वर्ग : तासात काय होतं, फी किती? अनुभव लिहा

मँचेस्टरहून, विचारणारी आई

नमस्कार मंडळी. मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, मुलगी दहाची. दोघांना मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीत. मुलगा कधी बोललाच तर "मी खेळते, मी जेवते" म्हणतो, कारण दिवसभर कानावर पडतं ते माझंच मराठी. वाचता दोघांनाही येत नाही.

दोन ठिकाणी चौकशी केली आहे. एका वर्गात आठ मुलं, शनिवारी सकाळी तासभर, दहा आठवड्यांचे साठ पौंड. दुसरीकडे एका बाई एकट्या मुलाला शिकवतात, अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, दर तासिकेचे नऊ पौंड. म्हणजे दहा आठवड्यांचे एकशेऐंशी. तिप्पट फी द्यावी असं त्यात खरंच काही असतं का? ज्यांनी असे वर्ग लावले आहेत त्यांनी आतला अनुभव सांगा.

डॅलसहून, एक बाबा

आम्ही नऊ मुलांचा गट दोन सत्रं केला. एकदा मी घड्याळ घेऊन शेजारी बसलो. साठ मिनिटांत माझा मुलगा जेमतेम चार मिनिटं बोलला, त्यातलं निम्मं "येस टीचर". बाई चांगल्या होत्या, त्यांचा दोष नाही. हजेरी, कोणाचा माईक बंद, कोणाच्या घरी कुत्रा भुंकतोय, यातच दहा मिनिटं जात.

तुमचे आकडे असेच मांडून बघा. निम्मा वेळ शिक्षिका बोलतात असं धरलं तर उरलेली तीस मिनिटं आठ मुलांत वाटून चारच्या आत येतात. सहा पौंडांत चार मिनिटं म्हणजे मिनिटाला दीड पौंड. एकट्याच्या तासिकेत अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं मूल बोलतं, म्हणजे मिनिटाला साठ पेन्स. मुलाच्या तोंडून मराठी निघावं म्हणून पैसे देत असाल तर महाग वाटणारा वर्गच स्वस्त पडतो.

मेलबर्नहून, एक बाबा

माझं मत वेगळं आहे. आपण सगळे कसे शिकलो? अ आ इ ई, मग क ख ग घ, मग बाराखडी पाठ. बाराखडी पक्की झाली की वाचन आपोआप येतं. त्यासाठी फी भरायची गरजच नाही. भिंतीवर तक्ता लावा आणि रोज रात्री म्हणून घ्या. माझी मुलगी क ते ज्ञ घडाघडा म्हणते, तेही सहा महिन्यांत.

सांगलीहून, एक आजी

बाळ, तू आजीने शिकवावं का असं विचारते आहेस असं मी समजते. जरूर शिकवावं. माझा नातू टोरांटोला असतो. रोज त्याच्या सकाळी, शाळेत जायच्या आधी, मी फोनवर त्याला एक पान वाचून दाखवते. तो दूध पितो, मी वाचते. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. आता तो मध्येच मला थांबवून "आजी, पुढचं मी" म्हणतो. त्याला वाचता येतं का पाठ झालंय ते मला कळत नाही, पण बोलतो छान. आणि "मी खेळते" म्हणतो त्याचं काही वाटून घेऊ नकोस, आजोबांना फोनवर बसव.

नाशिकहून, ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई

सहा वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाराखडीबद्दल. मेलबर्नच्या दादांच्या मुलीला तक्ता झाकून मधलंच एखादं अक्षर दाखवा, "ठ" किंवा "ध". ती मनात "क ख ग" पासून म्हणत तिथवर आली, तर तिला चाल पाठ आहे, अक्षर ओळखता येत नाही. माझ्याकडे अशी बरीच मुलं येतात. पाठांतर वाया जात नाही, पुढे शब्दकोश बघताना तो क्रम उपयोगी पडतो. पण वाचनाची सुरुवात मी तिथून करत नाही.

सात वर्षांच्या एका मुलीचं सांगते. घरी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत, अगदी तुमच्यासारखंच. पहिल्या तीन तासांत आठ अक्षरं घेतली, घ र म न ग क ल त, आणि त्यांच्याबरोबर लगेच काना. एवढ्यात घर, नाक, कान, गाल, लाल, गरम, काका, मामा हे सगळे शब्द वाचता येतात, आणि हे तिच्या कानावरचे शब्द आहेत. "गरम" वाचून ती ओरडली, "दूध गरम!" मूल वाचायला लागलंय हे मला त्या क्षणी कळतं, कारण तिने अक्षरं जोडून ओळखीचा शब्द गाठला.

मग दुसरी वेलांटी : काकी, मामी, माती, तीन. पहिली वेलांटी मी मुद्दाम उशिरा घेते. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि म्हणताना नंतर. इंग्रजी वाचणारी मुलं डावीकडून निघतात, त्यामुळे ही मुलगी "किती"ला दोन आठवडे "इकती" वाचत होती. उपाय साधा आहे. बोटाने वेलांटी झाकायची, आधी "क" म्हणायचं, मग बोट काढायचं. जोडाक्षरं त्यानंतर, आणि सगळ्यात शेवटी रफार. चार ओळींची गोष्ट स्वतःहून वाचायला तिला आठवड्यातून दोन तासिका धरून चार महिने लागले. दोन महिन्यांत वाचन शिकवतो असं कोणी सांगितलं तर त्यांना ओळखीचं नसलेलं पान मुलाकडून वाचून घ्यायला सांगा, आणि चित्र झाकून. चित्र दिसत असलं की मुलं अंदाजाने सांगतात.

अर्धा तास असा जातो. पहिली सात-आठ मिनिटं मूल घरातली एखादी वस्तू आणून तिच्याबद्दल बोलतं, मी इंग्रजीला इंग्रजीत उत्तर देत नाही. मग दहा-बारा मिनिटं वाचन, पाच मिनिटं वहीत लेखन, उरलेल्या वेळात मी गोष्ट सांगते आणि मध्येच थांबते, पुढचं मुलाने सांगायचं. "पाणीमध्ये" म्हटलं तर मी "हो का, पाण्यात?" एवढंच म्हणते. थांबवून नियम सांगितला की मूल पुढचं वाक्य इंग्रजीत बोलतं.

"मी खेळते"साठी आजींनी सांगितलेला उपाय अगदी बरोबर आहे. मी एक बाहुला ठेवला आहे, तो "मी खेळतो, मी पडलो" म्हणतो आणि मुलगा त्याच्या वतीने बोलतो. पण बाबा किंवा आजोबा रोज दहा मिनिटं बोलले तर फरक लवकर पडतो.

फीबद्दल. मी एकट्या मुलाच्या अर्ध्या तासाचे सहाशे रुपये घेते, दोघांची जोडी असेल तर प्रत्येकी चारशे. अर्ध्या तासामागे माझी वीसेक मिनिटं तयारीची जातात. तुमच्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे पाच म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यामुळे त्या वेळेचे काही शिक्षिका जास्त घेतात. शनिवारी सकाळी नऊला आमची दुपार असते, तेव्हा वेळही मिळते आणि दरही बरा पडतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीला तुमची घड्याळं बदलतात, आमची नाही. तेव्हा वेळ कोणाच्या घड्याळाने पाळायची हे आधीच ठरवून घ्या, दरवर्षी कोणाचा तरी तास बुडतो.

स्टुटगार्टहून, एक आई

आमचं प्रकरण निराळं. नवरा जर्मन, घरात जर्मनच. मुलीला मराठी समजतच नव्हतं. एका संस्थेने "नवशिक्या" गटात घेतलं, वर्षाची फी आगाऊ. त्या गटातल्या बाकी मुलांना सगळं समजत होतं, फक्त वाचता येत नव्हतं. बाई पहिल्या दिवसापासून "वही उघड, पुढचं पान काढ" म्हणायच्या आणि ही नुसती बघत राहायची. वर्षात तीन शिक्षिका बदलल्या. पैसे परत मागितले तर नियमात बसत नाही म्हणाले. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं, कारण मुलगी पुढे वर्षभर मराठीचं नाव काढू देत नव्हती.

एक विचारते. ती आता वाचायला लागली आहे, पण "करतो"ला "क-र-तो" असं सुटं सुटं वाचते. हे सुटेल का?

नाशिकहून, शिकवणाऱ्या बाई

ताई, ज्या मुलाला शब्द कानाने माहीत आहे ते स्वतःच दुरुस्त करतं, "क-र-तो… करतो!" असं. तुमच्या मुलीच्या कानात तो शब्दच नाही, म्हणून ती अक्षरांवर अडते. तिला आधी बोलणं हवं, वाचन मागे ठेवा. तीन-चार महिने फक्त ऐकणं-बोलणं, मग वाचन. च आणि ज चंही तसंच आहे. "चमचा" आणि "चिमणी" यांतला च वेगळा हे अक्षर बघून कळत नाही, ऐकूनच कळतं. आणि इथून पुढे फी महिन्याची द्या, आणि चाचणीचा तास ज्या बाई पुढे शिकवणार आहेत त्यांच्याकडूनच घ्या.

डॅलसहून, तेच बाबा

पैसे पाठवण्याबद्दल एक भर. दर महिन्याला छोटी रक्कम बँकेतून पाठवली तर प्रत्येक वेळी शुल्क कापलं जातं. आम्ही तीन महिन्यांचे एकदम पाठवतो, पण दोन महिने अनुभव घेतल्यावरच.

वाचायला काय द्यायचं हेही सांगतो. आम्ही आधी बालभारतीचं पहिलीचं मराठी माध्यमाचं पुस्तक घेतलं, ते मराठी बोलणारं मूल डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे. नंतर सुलभभारती मिळालं, ते इतर माध्यमांच्या शाळांसाठी आहे, आमच्या मुलाला तेच जमलं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात, पहिल्या पातळीत पानावर एक-दोनच ओळी असतात.

मेलबर्नहून, तेच बाबा

मुलीला तक्ता झाकून "ठ" दाखवला. तिने "ट ठ" म्हणून सांगितलं. "ध"ला तपासून बघते म्हणाली आणि तक्त्याकडे गेली. मी तरीही पाठांतर सोडणार नाही, पण उद्यापासून घर, नाक, कान सुरू करतो.

सिंगापूरहून, एक आई

सगळे गटाच्या विरोधात बोलताहेत म्हणून लिहिते. आमच्या मुलाला एकट्याच्या तासात कंटाळा यायचा. चार मुलांच्या गटात गेल्यावर तो दुसऱ्या मुलाला मराठीत चिडवायला शिकला, आणि ते मला कुठल्याही धड्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. मिनिटं मोजून हे सापडत नाही. आठ मात्र फार झाली, हे मान्य.

मँचेस्टरहून, विचारणारी आई

सगळ्यांचे मनापासून आभार, आजी तुमचे विशेष. मुलासाठी शनिवारी सकाळची एकट्याची एक तासिका घेतली आहे, आठ तास बघणार. आजोबा रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर पाच मिनिटं बोलतात. काल मुलगा त्यांना म्हणाला, "मी पडली… पडलो."

मुलगी दहाची आहे, तिला "काका, मामा" वाचायला लाज वाटते. समज दहाची आणि वाचन पहिलीचं, अशा मुलांना काय वाचायला द्यावं? कोणाची या वयाची मुलं असतील तर लिहा.