मदत हवी आहे: बँकेचा मेळ बसत नाही, 625.40 चा फरक येतोय

रामबाग_खजिनदार (इंदूर)
आमच्या संस्थेचं बचत खातं आहे. 31 मार्चचं बँक मेळ पत्रक उद्या सीएंकडे द्यायचंय. रोकड वहीत बँकेची शिल्लक 84,260. पासबुकात 92,289.30. दिलेले तीन चेक वटले नाहीत, 22,500 चे. भरलेला एक चेक जमा झाला नाही, 15,000. व्याज 842. पासबुकात बँकेने शुल्क लावलंय, 312.70, ते वहीत नाही. सगळं मांडलं तर 92,914.70 येतात, म्हणजे 625.40 जास्त. चार वेळा बेरीज केली. कुठे चुकतंय ते सांगा, लवकर.

नऊचा_पाढा
फरकाला 9 ने भागून बघा. भाग गेला तर आकडे उलटसुलट लिहिलेत, 54 च्या जागी 45 असं काहीतरी. फरक शोधायची माझी पहिली पायरी कायम हीच.

लष्कर_हिशेबनीस (ग्वाल्हेर)
62,540 पैशांना 9 ने भाग जात नाही, त्यामुळे तो मार्ग इथे बंद. फरकाची निम्मी करा: 312.70. हा आकडा तुम्ही स्वतःच वर लिहिलाय. एखादी रक्कम वजा करायच्या ऐवजी मिळवली की फरक तिच्या बरोब्बर दुप्पट येतो. तुम्ही शुल्क मिळवलंय.

पण दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. पत्रक वहीच्या शिलकेपासून सुरू केलंय की पासबुकाच्या? आणि ते 312.70 एकाच ओळीत आहेत की दोन? पुढे काय छापलंय ते जसंच्या तसं लिहा.

रामबाग_खजिनदार
वहीच्या शिलकेपासून. शुल्क मिळवलं कारण गेल्या वर्षीच्या पत्रकातही मिळवलेलं आहे. दोन ओळी आहेत, 295 आणि 17.70. काय छापलंय त्याने काय फरक पडतो? शुल्क ते शुल्क.

लष्कर_हिशेबनीस
गेल्या वर्षीचं पत्रक नीट बघा, ते बहुतेक पासबुकाच्या शिलकेपासून सुरू झालं असेल. तिथून वहीकडे यायचं असेल तर शुल्क मिळवावंच लागतं, कारण बँकेने कापलेलं आपण परत घालतो. वहीपासून पासबुकाकडे जाताना तेच वजा होतं. जुन्या पत्रकावरून चिन्हं उतरवली आणि सुरुवात मात्र बदलली, की हे होणारच.

आणि छापलेलं काय आहे त्याने फरक पडतो. 250 वर 18 टक्के जीएसटी 45, मिळून 295. बचत खात्यावर एवढी रक्कम सहज कोणी कापत नाही. 17.70 म्हणजे 15 अधिक 2.70, ते एसएमएसचं असेल. 295 ची ओळ वाचा.

विजयनगरकर
अहो, एवढं का ताणताय? टॅलीत बँकिंगमधलं बँक रिकन्सिलिएशन उघडायचं, प्रत्येक नोंदीपुढे बँकेची तारीख टाकायची, खाली फरक आपोआप येतो. हाताने मेळ लावायचे दिवस गेले.

रामबाग_खजिनदार
टॅली नाही, वही आहे. शुल्क वजा केलं आणि मेळ बसला! 84,260 + 22,500 − 15,000 + 842 − 312.70 = 92,289.30. सगळ्यांचे आभार. 295 पुढे इंग्रजीत ‘सीएचक्यू आरटीएन’ असं काहीतरी आहे, 28 मार्चचं.

लष्कर_हिशेबनीस
थांबा, आभार एवढ्यात नकोत. ते चेक परत आल्याचं शुल्क आहे. कुठला चेक परत आला? तुमच्या यादीत भरलेला चेक एकच, 15,000 चा. पासबुकात 26 ते 28 मार्चमध्ये 15,000 जमा होऊन पुन्हा नावे पडलेत का?

टिळकपथ
मेळ बसला ना? मग आता खोदकाम कशाला? फक्त 312.70 ची नोंद करायची राहिली, ती 1 एप्रिलला टाका, म्हणजे जुन्या वर्षाच्या वहीला हात लावावा लागणार नाही.

रामबाग_खजिनदार
हो. 27 ला 15,000 जमा, 28 ला 15,000 नावे. मला वाटलं बँकेने चुकून टाकून काढून घेतले, नंतर पुन्हा येतील. म्हणूनच ‘जमा झाला नाही’मध्ये धरलं. हॉलच्या भाड्याचा चेक होता.

लष्कर_हिशेबनीस
यातली गोम अशी, की चेक वाटेत असो नाहीतर परत आलेला असो, 31 मार्चला पासबुकात त्याचा परिणाम शून्यच दिसतो. दोन्ही प्रकारे 15,000 वजा केले की मेळ बसतो. त्यामुळे मेळ बसला हा पुरावा पुरत नाही. वाटेत असलेला चेक एप्रिलमध्ये वटतो आणि पत्रकातून आपोआप निघून जातो. परत आलेला कधीच वटणार नाही. तो एप्रिलच्या पत्रकात राहील, मेमध्ये राहील, आणि ताळेबंदात बँकेत 15,000 जास्त दिसत राहतील.

तो पत्रकात नकोच. वहीत 28 मार्चच्या तारखेने खर्चाच्या बाजूला 15,000, ‘हॉलभाड्याचा चेक परत’. हॉल घेणाऱ्याच्या खात्यावर तेवढं येणं उभं करा. आधी दिलेली पावती फाडू नका, तिच्या स्थळप्रतीवर चेक परत आल्याचा शेरा मारा.

कायद्याचं_बोला
आणि बँकेचा मेमो कुठे आहे? चेकसोबत छोटा कागद येतो, परत येण्याचं कारण त्यावर असतं. पैसे अपुरे म्हणून परत आला असेल तर कलम 138 खाली नोटीस पाठवायला बँकेकडून कळल्यापासून 30 दिवस मिळतात. तारीख मोजायला आजच लागा. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर पुन्हा भरताही येतो, पण पुन्हा परत आला तर आणखी 295 जातील.

रामबाग_खजिनदार
मेमो फाईलमध्ये सापडला, शिपायाने लावून ठेवला होता. मला कोणी सांगितलंच नाही. नोटिशीचं कार्यकारिणी बघेल. शुल्काची नोंद 1 एप्रिललाच करू ना मग?

लष्कर_हिशेबनीस
नाही. टिळकपथ, मेळ बसवायला तुमचं चालेल, पण बँकेने मार्चमध्ये पैसे कापलेत, तेव्हा खर्च मार्चचा. वर्षाचा हिशेब अजून सीएंकडे गेलेलाही नाही, मग वहीला हात लावायला काय हरकत? 295, 17.70 आणि व्याजाचे 842, तिन्ही पासबुकाच्या तारखेनेच वहीत घ्यायचे. पत्रकात फक्त तेच राहतं जे आपण वहीत लिहिलंय आणि बँकेपर्यंत अजून पोचलेलं नाही.

टिळकपथ
हिशेब तपासून सही झाल्यावर पासबुक भरून आणणाऱ्यांचं काय? अर्ध्या संस्था तसंच करतात. तेव्हा एप्रिलशिवाय मार्ग नाही.

लष्कर_हिशेबनीस
सही झाल्यावरचा प्रश्न वेगळा, आणि रक्कम किरकोळ असेल तर तुम्ही म्हणता तसंच होतं. इथे सही झालेली नाही.

अलकापुरी_ट्रेडर्स (वडोदरा)
माझा पण असाच प्रश्न. आमचं सीसी खातं आहे, शिल्लक उणे असते. दिलेला चेक वटला नसेल तर मिळवायचा की वजा? एक जण म्हणतो ओव्हरड्राफ्टला सगळी चिन्हं उलटतात.

विजयनगरकर
टॅलीत हा प्रश्नच येत नाही.

नऊचा_पाढा
उलटतात. आम्हाला तसंच शिकवलंय.

लष्कर_हिशेबनीस
शिल्लक उणे चिन्हाने लिहिली तर काहीच उलटत नाही. वहीत −40,000 आणि न वटलेले दिलेले चेक 10,000 असतील, तर −40,000 + 10,000, म्हणजे पासबुकात −30,000. चिन्ह न लिहिता ‘ओव्हरड्राफ्ट 40,000’ अशी सुरुवात केली तरच सगळं उलटं करावं लागतं. गोंधळ तिथूनच होतो. अलकापुरी, पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, हा त्यांचा धागा आहे.

रामबाग, ते दिलेले तीन चेक कोणत्या तारखांचे?

रामबाग_खजिनदार
12,500 चा 24 मार्च, 6,200 चा 27 मार्च, 3,800 चा 12 डिसेंबर. शेवटचा रंगाऱ्याचा, त्याने अजून भरला नाही.

लष्कर_हिशेबनीस
मग तो आता वटणारच नाही. 12 डिसेंबरच्या चेकची मुदत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच संपली, तारखेपासून तीन महिने. आता बँक तो घेणार नाही. तो न वटलेल्या चेकांत ठेवला तर पुढच्या वर्षीही तिथेच दिसेल. वहीत 3,800 जमेच्या बाजूला परत घ्या आणि रंगाऱ्याचं देणं पुन्हा उभं करा. हे उत्पन्न नाही हे लक्षात ठेवा, त्याचे पैसे द्यायचेच आहेत. नवा चेक देताना जुना हातात परत घ्या.

टिळकपथ
उगाच. रंगारी उद्या तोच चेक घेऊन आला तर तारीख बदलून सही करून देता येते.

कायद्याचं_बोला
सीटीएसमध्ये खाडाखोड केलेला चेक परत जातो. तारीख पुन्हा वैध करायची तेवढी सवलत आहे खरी, पण काउंटरवर वाद घालण्यापेक्षा नवा फाडलेला बरा.

रामबाग_खजिनदार
आता असं झालं:

```
वहीची शिल्लक            84,260.00
परत आलेला चेक         − 15,000.00
चेक परत शुल्क         −    295.00
एसएमएस शुल्क          −     17.70
व्याज                 +    842.00
मुदत संपलेला चेक      +  3,800.00
दुरुस्त शिल्लक           73,589.30
न वटलेले दोन चेक      + 18,700.00
पासबुकाची शिल्लक         92,289.30
```

आधी 84,260 दाखवून ताळेबंद दिला असता तर बँकेत 10,670.70 जास्त दिसले असते. एकच शंका राहिली. 295 संस्थेच्या खर्चात घ्यायचे की हॉल घेणाऱ्याच्या नावे टाकायचे? चूक त्याची आहे.

लष्कर_हिशेबनीस
मी आधी बँक शुल्कात घेतले असते आणि वसूल झाले की तेव्हा जमा.

कायद्याचं_बोला
मी त्याच्याच नावे टाकले असते. हॉलच्या करारात चेक परत आल्यास शुल्क भरायचं असं लिहिलंय का ते आधी बघा. लिहिलं नसेल तर हिशेबनीस म्हणतात तसं करा.

रामबाग_खजिनदार
करार म्हणजे एक पानाचा फॉर्म आहे, त्यात खुर्च्या मोडल्या तर काय एवढंच लिहिलंय.

विजयनगरकर
पुढच्या वर्षी टॅली घ्या.