मदत हवी आहे: लायसन्स ३ महिने निलंबित, आरटीओला अर्ज कसा लिहावा?

पिकअप_आणि_मी

नमस्कार मंडळी. माझी स्वतःची पिकअप आहे. रोज पहाटे गावातली भाजी मार्केट यार्डात पोहोचवतो. दोन महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून जाताना मोबाईल कानाला लावलेला होता. ट्रॅफिक हवालदारांनी थांबवलं, लायसन्स काढून घेतलं आणि पावती दिली. दंड तिथेच भरला. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

आरटीओने नंतर खुलाशाची नोटीस काढली होती म्हणे. ती लायसन्सवरच्या जुन्या भाड्याच्या घरी गेली. पत्ता बदलून घ्यायला हवा होता, तो मी घेतला नाही. १२ दिवसांपूर्वी थेट आदेश हातात पडला, कारण पोस्टमन ओळखीचा निघाला आणि त्याने आणून दिला. ३ महिने निलंबन.

वडिलांचं त्या आठवड्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि ते दवाखान्यात होते, हे खरं आहे. पण तो फोन दवाखान्यातून नव्हता. यार्डातल्या आडत्याचा होता. मित्र म्हणतो, "दवाखान्याचा फोन होता असंच लिही, कागद तर आहेतच." मला ते पटत नाही. पण खरं लिहिलं तर उपयोग होईल का? गाडीचा हप्ता दर महिन्याला जातो. कृपया सांगा.

कल्याणचा_राजा

माझंही असंच झालं होतं. लायसन्सची मुदत संपून सहा महिने झाले होते. सारथीवर फॉर्म भरला, फी भरली, आठवड्यात घरपोच आलं. तुम्हीही ऑनलाइन करून टाका, ऑफिसात जायचीच गरज नाही.

पिकअप_आणि_मी

राजाभाऊ, मुदत संपलेली नाही हो. आरटीओने निलंबित केलंय. सारथीवर माझ्या नंबरासमोर तसंच दिसतंय.

अ‍ॅड_नवखा

घाबरू नका. साधा विनंती अर्ज करा, साहेबांना वाटलं तर ते तीनचा एक महिना करतात. आणि दंड भरलाय ना? मग एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा होत नाहीत, हा मुद्दा घाला.

टपाल_शाखा_६१

मी आरटीओत ३१ वर्षं होतो, त्यातली बरीचशी लायसन्स शाखेत. नवखेभाऊंचं अर्धं बरोबर आहे. अर्ज करावाच लागेल, पण त्यांनी सांगितलेले दोन्ही मुद्दे टिकणार नाहीत.

दंड गुन्ह्याचा असतो. निलंबन ही लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याची वेगळी कारवाई आहे. गाडी चालवताना हातात मोबाईल धरणं कलम १८४ मध्ये येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पोलिसांनी लायसन्स जप्त करून आमच्याकडे पाठवायचं असतं. मग कलम १९ प्रमाणे अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा राहतात. म्हणणं ऐकून सोडून द्यायचं, नाहीतर पहिल्या वेळेला ३ महिने. मधला एक महिना कायद्यात लिहिलेलाच नाही, त्यामुळे तो मागू नका. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स रद्दच होतं.

आता तुमच्या कामाचं. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. तुमचे १२ गेले. अपील कोणाकडे करायचं ते आदेशाच्या शेवटी असतं, नसेल तर खिडकीवर विचारा. त्याआधी एक सांगा, आदेशात वाहनाचा प्रकार कोणता लिहिलाय?

पिकअप_आणि_मी

काका, आत्ताच काढून बघितला. "MCWG, LMV" असं दोन्ही आहे, म्हणजे गिअरची मोटारसायकलही आणि पिकअपसारखी हलकी वाहनंही.

टपाल_शाखा_६१

मग तुमचा खरा मुद्दा हाच. कलमात शब्द आहेत की लायसन्सवरच्या सगळ्या किंवा काही प्रकारच्या वाहनांपुरतं निलंबन करता येतं. काही प्रकारांपुरतं केलं तर लायसन्सवर तशी नोंद करून ते परत देण्याची पद्धत आहे. तुम्ही मोटारसायकलवर सापडलात. तेव्हा "निलंबन MCWG पुरतं ठेवा, LMV मोकळं करा" अशी मागणी करा. मान्य होईलच असं नाही. अधिकारी म्हणू शकतो की मोबाईलची सवय माणसाची असते, वाहनाची नव्हे. पण मागणी कायद्यात बसणारी आहे, दयेची भीक नाही.

दवाखान्याचं खोटं लिहू नका. सुनावणीत वेळ विचारली जाते, आणि फोनची वेळ व नंबर तुमच्याच मोबाईलमध्ये असतात. एकदा खोटं निघालं की खऱ्या गोष्टीही कोणी ऐकत नाही. मी असे अर्ज पाहिलेत.

सांगलीची_मीनल

दादा, माझे मिस्टर रिक्षा चालवतात, म्हणून कळकळीने सांगते. या काळात "जवळच जायचंय" म्हणून गाडी बाहेर काढू नका. निलंबन असताना चालवलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड, किंवा दोन्ही. वर अपघात झाला तर विम्याची कटकट वेगळीच. तुमच्या पिकअपवर सध्या कोण आहे?

पिकअप_आणि_मी

भाचा चालवतोय, ताई. त्याचं लायसन्स चालू आहे का ते सारथीवर तपासूनच चावी दिली. काका, मसुदा लिहिलाय. बघाल का?

> महोदय,
> आपल्या कार्यालयाच्या निलंबन आदेशाविरुद्ध हे अपील मुदतीत सादर करीत आहे. आदेश मला १२ दिवसांपूर्वी मिळाला.
> त्या दिवशी मोटारसायकल चालवताना मी मोबाईलवर बोलत होतो, हे मला मान्य आहे. फोन व्यवसायाचा होता आणि गाडी बाजूला घेऊन बोलणे मला शक्य होते. त्या आठवड्यात वडील शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होते, परंतु तो फोन त्या संबंधात नव्हता.
> खुलाशाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेल्याने मला मिळाली नाही व माझे म्हणणे मांडता आले नाही. पत्ता बदलून न घेणे ही माझी चूक आहे.
> हा माझा पहिलाच गुन्हा आहे. पिकअप हे माझे उपजीविकेचे एकमेव साधन असून कर्जाच्या हप्त्याची नोंद सोबत जोडली आहे.
> तरी निलंबन फक्त MCWG पुरते मर्यादित करून LMV साठी लायसन्स परत मिळावे, तसेच निर्णय होईपर्यंत LMV पुरती आदेशास स्थगिती मिळावी, ही विनंती.

टपाल_शाखा_६१

चांगलं लिहिलंय. दोनच बदल करा. "आपल्या कार्यालयाच्या" काढा, कारण अपील वरच्या अधिकाऱ्याकडे आहे. तिथे आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाका. आणि "पहिलाच गुन्हा" म्हणण्याआधी ई-चलन तपासा. या कलमाखालचं जुनं चलन निघालं तर ते वाक्य तुमच्यावरच उलटेल. स्थगिती तुम्ही वेगळी मागितलीत हे बरं केलंत. नुसतं अपील दाखल झालं म्हणून निलंबन थांबत नाही.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. आणि उजळणी प्रशिक्षणाचं लगेच विचारून ठेवा. ३ महिने संपले तरी ते पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. लोक तारीख मोजत बसतात आणि शेवटच्या दिवशी प्रशिक्षणाला धावतात.

अ‍ॅड_नवखा

काका, दंडाचा मुद्दा मी मागे घेतो. पण नोटीस जुन्या पत्त्यावर गेली म्हणजे ऐकून घेतलंच नाही, मग अख्खा आदेश रद्द करा असं का मागू नये?

टपाल_शाखा_६१

मागता येईल. पण कार्यालय म्हणेल, लायसन्सवर होता त्याच पत्त्यावर पाठवली. पर्यायी विनंती म्हणून खाली एक ओळ घाला. भर मात्र LMV वर ठेवा.

पिकअप_आणि_मी

अपडेट: ई-चलन तपासलं. दोन जुनी आहेत, दोन्ही नो पार्किंगची. तसं स्पष्ट लिहिलं. नवखेभाऊंची ओळही घातली. काल, म्हणजे १९ व्या दिवशी, अपील दिलं आणि पोच मिळाली. सुनावणीची तारीख फोनवर कळवू म्हणाले. पत्ता बदलायचा अर्जही करायला गेलो, पण निलंबन असेपर्यंत सारथी तो घेत नाही असं खिडकीवर सांगितलं.

एक अजून कळत नाही. ३ महिने लायसन्स जप्त झालं त्या दिवसापासून धरायचे की आदेशापासून? आदेशात नुसतं "३ महिने" आहे. फरक जवळजवळ दीड महिन्याचा पडतो.

सांगलीची_मीनल

आमच्या ओळखीत एकाचे आदेशाच्या तारखेपासून मोजले, दुसऱ्याचे जप्तीपासून. सुनावणीतच लेखी विचारा, दादा.