प्रतिसाद: अर्जात कुठला नंबर घालायचा?

"दुकानात यूपीआय फेल झालं पण पैसे कटले. बँकेत अर्ज दिला तर परत डिटेल्स मागतायत. काय लिहू?"

अहो, ॲपमधला लांबलचक आयडी एकटा देऊ नका, पासबुकात किंवा स्टेटमेंटात त्या एन्ट्रीसमोर १२ आकडी यूटीआर असतो तो आधी लिहा, बँक त्यावरूनच शोधते. माझं निपाणीत असंच झालेलं, २,४५० रुपये पहिल्यांदा फेल, परत मारले तर गेले, आणि मी अर्जात नुसतं "३/४ ला २५०० च्या आसपास" लिहिलं, मग बँकेनं दुसरं पेमेंट बघून सक्सेसफुल म्हणून कळवलं की! दुसऱ्या अर्जात दोन्ही यूटीआर, दोन्ही वेळा लिहून कुठल्याबद्दल तक्रार ते स्पष्ट केलं, तेव्हा काम झालं. तारीख ३ एप्रिल अशी महिन्याच्या नावानं लिहा, आणि आपल्याकडं शाखेत बरेचदा कन्नड ऑफिसर असतात, म्हणून आकडे इंग्रजीत, देवनागरीतला १ त्यांना इंग्रजी 9 वाटू शकतो.

तारीख नेमकी हवीच, कारण आरबीआयच्या २०१९ च्या सर्क्युलरप्रमाणं दुकानदाराला न पोचलेले पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत परत यायला हवेत, पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई, ती त्याच तारखेवरनं मोजतात.